सा, ग आणि तार सा एकत्र दाबले की कोमल ध कुठून वाजतो? (३७ पट्ट्यांची पेटी, काउंटर आणि डिकोडर)

पेटी_राळेगाव

नमस्कार मंडळी. आमचं गाव राळेगाव तालुक्यात. भजनी मंडळाची जुनी पेटी होती, तिचे सूर गंजले आणि भात्याचं कातडं उंदरांनी कुरतडलं. पट्ट्या मात्र शाबूत होत्या. म्हणून प्रत्येक पट्टीखाली एकेक छोटं पुश बटण बसवलं. एकूण ३७. सिग्नल प्रो मायक्रो बोर्डातून ओटीजीने मोबाईलमध्ये जातो आणि तिथून साउंडला.

पट्ट्यांचा डबा आणि बोर्डाचा डबा वेगळे आहेत, मध्ये दोन फुटांची केबल आहे. केबलमध्ये ४० तारा नको होत्या, म्हणून पट्ट्यांच्या डब्यातच 74HC393 काउंटर, 74HC138 डिकोडर आणि 74HC151 बसवले. काउंटरचे खालचे तीन बिट डिकोडरला जातात, तो ८ कॉलमपैकी एकेक कॉलम खाली ओढतो. वरचे तीन बिट 151 ला, तो ५ ओळींपैकी एक निवडून बोर्डाला दाखवतो. क्लॉक, रिसेट, डेटा, ५ व्होल्ट आणि ग्राउंड, एवढ्या पाचच तारा. पट्ट्या डावीकडून ० ते ३६, एका ओळीत आठ: पहिल्या ओळीत ० ते ७, दुसरीत ८ ते १५, असं पुढे.

पहिली अडचण अशी आली की एकाच ओळीतल्या दोन पट्ट्या दाबल्या की दोन्ही सूर बेभरवशाचे व्हायचे आणि 138 गरम व्हायची. गावातल्या रेडिओवाल्या दादांनी प्रत्येक कॉलमला एक 1N4148 लावायला सांगितलं. आठ लावले, डायोडवरची काळी रेघ 138 कडे. ते दुखणं गेलं.

आता दुसरं. पांढरी एकला सा धरून सा-ग वाजवलं तर ठीक. त्यात तार सा दाबला की कोमल ध आपोआप वाजतो. सा-ग-प-सां दाबलं तर कोमल धसोबत तार सप्तकातला कोमल गही. ते सूर कुणी दाबलेलेच नाहीत. काकड्याच्या आत हे नीट व्हायला हवं.

सेतू_दारव्हा

आमच्या केंद्रातल्या कीबोर्डलाही हेच होतं. टायपिंग करताना शिफ्ट धरून दोन अक्षरं पटकन दाबली की तिसरं उमटतच नाही. नवा कीबोर्ड आणला तरी तसंच. कव्हर काढून धूळ झटकून पाहा, माझ्या मते तुमचंही बटण चिकटतं आहे.

देवा_रेडिओ

भाऊ, आठ डायोड लावले तर हे व्हायलेच नाही पाह्यजे. एखादा उलटा लागला असन, नाहीतर सोल्डर कच्चं असन. मीटरनं आठही पाहून घ्या. मले तरी डायोड लावल्यावर असं कधी आढळलं नाही.

पेटी_राळेगाव

दादा, आठही काढून तपासले, सुलटे आहेत. बटणही चिकटत नाही, कारण एकटी पट्टी दाबली तर बरोबर तिचाच सूर येतो. तिसरी पट्टी दाबल्याशिवाय गडबड होतच नाही.

लॅबवाली_आर्वी

मी पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काढली. तुमचं शेवटचं वाक्यच निदान आहे. तीन पट्ट्या लागतात आणि सूर चौथ्या जागेचा येतो.

वहीवर चौकट आखून बघा. सा म्हणजे ० नंबर: ओळ ०, कॉलम ०. ग म्हणजे ४: ओळ ०, कॉलम ४. तार सा म्हणजे १२: ओळ १, कॉलम ४. हे एका आयताचे तीन कोपरे झाले. चौथा कोपरा ओळ १, कॉलम ०, म्हणजे ८ नंबर. सा नंतरची आठवी पट्टी कोमल धच.

डिकोडर कॉलम ० खाली ओढतो. दाबलेल्या सा मधून ओळ ० खाली जाते. ओळ ० वर ग दाबलेला, म्हणून कॉलम ४ ची तार खाली जाते. त्या तारेवर तार सा दाबलेला, म्हणून ओळ १ सुद्धा खाली. बोर्डाला दिसतं की कॉलम ० चालू असताना ओळ १ खाली आहे. त्याने ८ नंबर वाजवायचा, दुसरं काय करणार? पंचम धरला की कॉलम ७ सुद्धा त्याच जाळ्यात येतो आणि ओळ १, कॉलम ७, म्हणजे १५ नंबर वाजतो. तोच तुमचा तार सप्तकातला कोमल ग.

खात्री करायला बोर्ड काढून ठेवा, वीज बंद. मीटर बीपवर. एक टोक ओळ १ च्या तारेला, दुसरं कॉलम ० च्या तारेला, डायोडच्या अलीकडे, पट्ट्यांच्या बाजूला. सा दाबा, ग दाबा, शांत. आता तार सा दाबा.

पेटी_राळेगाव

ताई, वाजला. कोमल धच्या पट्टीला हात न लावता मीटर वाजला. म्हणजे कोडचा आणि आयसीचा काहीच दोष नाही.

लॅबवाली_आर्वी

नाही. आणि म्हणूनच कोडमध्ये कितीही वाट पाहिली तरी हे जाणार नाही. तारेला तार लागली आहे, ती प्रत्येक फेरीत तशीच दिसणार.

देवादादा, तुमचे आठ डायोड चुकीचे नाहीत, पण ते दुसऱ्या आजारावरचे आहेत. 138 चे आउटपुट दोन्ही बाजूंनी ढकलतात: निवडलेला खाली ओढतो, बाकीचे सात वर ढकलतात. एका ओळीत दोन पट्ट्या दाबल्या की एक आउटपुट खाली ओढणारा आणि एक वर ढकलणारा थेट भिडतात, म्हणून ती तापत होती. कॉलमच्या डायोडने ती मारामारी थांबली. पण पट्ट्यांच्या जाळीतली ओळ-कॉलम-ओळ ही वाट डायोडच्या पलीकडे, जाळीच्या आतच आहे. तिला अडवायचं तर प्रत्येक पट्टीला स्वतःचा डायोड लागतो.

जुन्या बीबीसी मायक्रो संगणकात या जागी 7445 वापरला होता, ज्याचे आउटपुट फक्त खाली ओढतात, वर ढकलत नाहीत. तिथे आउटपुट एकमेकांशी भिडत नसत. पण आयताचं गणित तिथेही तेच होतं.

देवा_रेडिओ

ताई, हे पटलं. मी ज्या पॅनलले डायोड लावले व्हते तिथं माणूस एका वक्ती दोनच बटनं दाबे. म्हणून मले कधी दिसलंच नाही. पन ३७ डायोड म्हणजे भाऊचं लय सोल्डरिंग हाय.

नागपूर_फर्मवेअर

सोल्डरिंगशिवायही होऊ शकतं. आम्ही शिकताना 8085 च्या किटवर 8279 वापरला होता. त्यात एन-की रोलओव्हर मोड असतो, कितीही कळा एकत्र दाबा, तो प्रत्येक वेगळी ओळखतो. तेच तर्कशास्त्र कोडमध्ये लिहा.

लॅबवाली_आर्वी

8279 ची रोलओव्हर सोय वेगळ्या प्रश्नासाठी आहे. एक कळ धरलेली असताना दुसरी आली तर ती स्वतंत्र मोजायची, पहिली सुटायची वाट पाहायची नाही, एवढंच तिचं म्हणणं. जाळीत डायोड नसतील तर त्या चिपलाही कोमल ध दाबलेलाच दिसतो. किटवरच्या कळांवर तीन बोटं ठेवून आम्ही मुलांना हे दाखवत असू.

कोडने एवढं करता येतं की दोन ओळींत दोन कॉलम सामाईक दिसले, म्हणजे आयत पूर्ण झाला, तर नवीन कळ मानायचीच नाही. बरेच साधे संगणक कीबोर्ड हेच करतात. सेतूवाले भाऊ, तुमचं तिसरं अक्षर उमटत नाही ते बहुधा यामुळेच. धुळीने नव्हे, म्हणून नवा कीबोर्ड आणूनही फरक पडला नाही. पण पेटीवर हे चालणार नाही. तिथे खरा तार सा गिळला जाईल.

सेतू_दारव्हा

अच्छा. मग आमच्याकडे शिफ्ट आधी सोडायची सवय लावणं हाच उपाय दिसतो. धन्यवाद ताई.

पेटी_राळेगाव

नागपूरहून ५० डायोड आणले, सीताबर्डीवर सहज मिळाले. दिशा कशी ठेवू? आणि आधीचे आठ राहू देऊ का?

लॅबवाली_आर्वी

ओळ १० किलोओमने वर धरलेली आहे आणि कॉलम खाली ओढतो. म्हणजे करंट ओळीकडून कॉलमकडे जातो. तेव्हा डायोडवरची काळी रेघ कॉलमकडे, सगळ्या ३७ ची सारखी. एखादा उलटा लागला तर ती पट्टी मुकी राहील, लगेच कळेल.

आठ जुने काढा. पट्टीच्या डायोडने आउटपुटची मारामारीही थांबते, त्यांचं काम उरत नाही. ठेवले तर नुकसान आहे: एका डायोडवर ओळ साधारण ०.६ व्होल्टपर्यंत खाली येते, दोनांवर १.२ च्या आसपास. 74HC151 ने ५ व्होल्टवर खालची पातळी म्हणून ओळखायची हमी दीड व्होल्टपर्यंतच असते. टेबलावर चालेल, पण मोबाईलची बॅटरी उतरली आणि ५ चे ४.६ झाले की तीही हद्द खाली सरकते.

देवा_रेडिओ

मी तं म्हन्तो आठ ठेवावे, फक्त शॉटकीचे लावावे. त्यांचा ड्रॉप कमी असते. पट्टीवरचा एखादा डायोड शॉर्ट झाला तर 138 वाचन.

लॅबवाली_आर्वी

दादा, हे वाजवी आहे. शॉटकीने पातळी फार बिघडणार नाही. मी स्वतः लावणार नाही, कारण डायोड शॉर्ट झाला तर तो लपून राहण्यापेक्षा दिसलेला मला बरा. पण चूक नाही म्हणता येणार.

पेटी_राळेगाव

रात्री दोनपर्यंत बसून ३७ लावले, आठ काढले. सा-ग-प-सां एकदम स्वच्छ! कोमल ध गेला.

*(दुसऱ्या दिवशी)* आता नवीनच. पाचवी पट्टी दाबून ठेवली, म्हणजे आपला ग, की पहिल्या ओळीतला दुसरा कुठलाही सूर बोलत नाही. सा नाही, प नाही. ग सोडला की सगळे बोलतात. पहिल्या चाचणीत हे नव्हतं, झाकण लावल्यावर सुरू झालं.

लॅबवाली_आर्वी

जी पट्टी धरल्यावर बाकीचे गप्प होतात तिचाच डायोड बघा. ग चा डायोड आडवा शॉर्ट झाला असेल तर सा तपासायच्या वेळी 138 चा कॉलम ४ चा आउटपुट, जो वर ढकलतो आहे, तो त्या शॉर्टमधून थेट ओळ ० ला वर ढकलतो. सा चा डायोड तिला खाली ओढायला बघतो, पण ओळ पुरेशी खाली जात नाही. म्हणून सा दिसत नाही. कॉलम ४ ची पाळी आली की त्याला अडवणारं कुणी नसतं, म्हणून ग स्वतः नीट वाजतो.

फक्त खाली ओढणारा डिकोडर असता तर याच शॉर्टने कोमल ध परत आला असता. तुमच्या जोडणीत मात्र सूर गायब होतो.

पेटी_राळेगाव

सापडलं. डायोडचे दोन्ही पाय मी लांब ठेवले होते, झाकणाच्या स्क्रूने दाबून ते एकमेकांना टेकले. कापून स्लीव्ह चढवली. ठीक झालं.

आता दुसरा प्रश्न, तो पहिल्यापासून आहे. जलद सरगम वाजवली की मधले सूर गळतात, आणि दोन्ही हातांनी वाजवताना सूर उशिरा येतात. कधी एकच सूर दोनदा. कोडमध्ये `lastDebounceTime` आणि `debounceDelay = 50` आहे, आर्डुइनोच्या उदाहरणातून घेतलेलं.

जिनिंग_वणी

आमच्या जिनिंगच्या काट्यावर १६ बटणांचं पॅनल आहे, काउंटरवरच चालतं. मोठी मोटर सुरू झाली की कधी कधी ५ दाबलं तर ४ उमटतं, ६ दाबलं तर ५. मशीन बंद-चालू केलं की ठीक. वजनाच्या पावतीवर गाडी नंबर चुकतो, शेतकऱ्याशी वाद होतो. हाही डिबाउन्सचाच प्रकार का?

लॅबवाली_आर्वी

नाही भाऊ. सगळी बटणं सारखीच एका घराने सरकतात म्हणजे काउंटर आणि बोर्ड यांची पावलं चुकली. मोटरच्या झटक्याने काउंटरला एक जादा पल्स मिळाली, तो एक घर पुढे गेला, बोर्डाला पत्ता नाही. प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला काउंटर रिसेट केला तर चूक एका फेरीपुरतीच टिकते. तुमच्या पॅनलमध्ये बहुतेक फक्त वीज आल्यावर रिसेट होतो. दुरुस्तीवाल्याला एवढंच सांगा, आणि आयसीच्या पायांजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे का तेही बघायला लावा.

पेटीवाले भाऊ, ते उदाहरण एका बटणासाठी लिहिलेलं आहे. तुम्ही ३७ पट्ट्यांना एकच घड्याळ दिलंत. सा दाबला, घड्याळ सुरू. ५० मिलिसेकंद व्हायच्या आत रे दाबला, घड्याळ पुन्हा शून्यावर. ग दाबला, पुन्हा शून्यावर. बोटं थांबेपर्यंत कुठल्याच सुराचा निकाल लागत नाही, आणि तोवर सा सुटलेलाही असतो. प्रत्येक पट्टीला स्वतःचा मोजणीचा आकडा द्या. वाचलेली स्थिती मान्य स्थितीपेक्षा वेगळी दिसली की आकडा एकाने वाढवा, सारखी दिसली की शून्य.

```
digitalWrite(CLR, HIGH); digitalWrite(CLR, LOW);
for (byte k = 0; k < 64; k++) {
  delayMicroseconds(10);
  bool raw = !digitalRead(DATA);
  if (raw == stable[k]) cnt[k] = 0;
  else if (++cnt[k] >= 5) {
    stable[k] = raw; cnt[k] = 0;
    if (raw) noteOn(k); else noteOff(k);
  }
  digitalWrite(CLK, HIGH); digitalWrite(CLK, LOW);
}
```

६४ घरांची एक फेरी दीड-दोन मिलिसेकंदांत होते, म्हणजे पाच फेऱ्या आठ-दहा मिलिसेकंद. 8279 सुद्धा १०० किलोहर्ट्झवर १०.३ मिलिसेकंदच थांबतो. ५ हा आकडा मात्र तुमच्या बटणांवरून ठरवा: एका पट्टीचे कच्चे वाचन स्क्रीनवर काढा आणि दाबल्यावर ते किती वेळ थरथरतं ते बघा. 151 चे न वापरलेले तीन इनपुट ५ व्होल्टला बांधा, नाहीतर रिकाम्या घरांतूनही सूर येतील.

नागपूर_फर्मवेअर

कोड चांगला आहे, पण `digitalWrite` फार मंद. थेट पोर्ट लिहा आणि ते `delayMicroseconds` काढून टाका, फेरी कितीतरी पट वेगाने होईल.

पेटी_राळेगाव

ताईंचा कोड घातला, सरगम मोकळी झाली! मग नागपूरच्या भाऊंचं ऐकून पोर्ट थेट लिहिला आणि थांबणं काढलं. आता एकटा सा दाबला तरी कोमल रे सोबत वाजतो. बहुतेक पट्ट्यांचं तसंच, उजवीकडचा शेजारी बोलतो. पुन्हा आयत?

लॅबवाली_आर्वी

एकाच पट्टीवर आयत होत नाही. शेजारचा बोलला म्हणजे तुम्ही फार लवकर वाचता आहात.

कॉलम ० सुटला तरी ओळ लगेच वर येत नाही. मध्ये डायोड आहे, 138 तिला वर ढकलू शकत नाही. तिला फक्त १० किलोओमचा रेझिस्टर वर आणतो, आणि तारांची धारकता १००-२०० पिकोफॅरड धरली तर त्याला काही मायक्रोसेकंद लागतात. तुम्ही त्याआधीच कॉलम १ च्या नावाने वाचलंत. हेही प्रत्येक फेरीत घडतं, म्हणून डिबाउन्सला ते खरंच वाटतं. १० मायक्रोसेकंद परत घाला.

पुढे कधी वायरिंग उघडलंत तर खालचे तीन बिट 151 ला आणि वरचे 138 ला द्या. मग कॉलम आठ घरांनी एकदा बदलतो, आणि फक्त पहिल्याच घराला थांबावं लागतं. पट्टीचा नंबर तेव्हा `(k & 7) * 8 + (k >> 3)` असा काढा.

नागपूर_फर्मवेअर

बरोबर, डायोडमुळे वर जाणं मंदावतं हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. माझा मुद्दा उशिराचा होता. दहा मिलिसेकंद उशीर वादकाला जाणवू शकतो. दाबल्याचं पहिलं वाचन दिसताच सूर सुरू करा आणि मग त्याच पट्टीकडे दहा मिलिसेकंद दुर्लक्ष करा. सोडताना मात्र वाट पाहा. थरथर तशीही झाकली जाते आणि सूर तत्काळ येतो.

लॅबवाली_आर्वी

दाबताना थरथर सुरू होते ती खऱ्या स्पर्शानंतरच, म्हणून हे तत्त्वतः योग्य आहे. माझी भीती दोन फुटांच्या केबलची. शेजारच्या शेतात पंपाचा स्टार्टर पडला आणि एक खोटं वाचन आलं, तर तुमच्या पद्धतीत सूर वाजून गेलेला असतो, परत घेता येत नाही. मोजणीच्या पद्धतीत तो पाचपैकी एकच ठरतो आणि विरतो.

नागपूर_फर्मवेअर

मग दोन फेऱ्या सलग दिसल्या तर सुरू करा. तीन-चार मिलिसेकंदच जातात.

लॅबवाली_आर्वी

दोन पुरतात की नाही हे त्यांच्या गावच्या लाइनवर अवलंबून आहे. इथे बसून मी सांगू शकत नाही.

पेटी_राळेगाव

१० मायक्रोसेकंद परत घातले, शेजारचा सूर गेला. कच्चं वाचनही काढून पाहिलं. बहुतेक पट्ट्या दोन-तीन मिलिसेकंदांत स्थिर होतात, पण डावीकडच्या टोकाच्या दोन सात मिलिसेकंद थरथरतात. त्या जुन्या रेडिओतल्या बटणांच्या आहेत, त्या बदलतो.

दाबायला दोन फेऱ्या आणि सोडायला पाच असं घालून काल सामुदायिक प्रार्थनेला वाजवली. तबलजी म्हणाले, आता पेटी ठेक्यात बसते. खोटा सूर एकही आला नाही, पण काल संध्याकाळी थ्री फेज नव्हती, त्यामुळे पंप बंदच होते. या आठवड्यात आमच्याकडे रात्री बारानंतर लाइन येते. त्या वेळी देवळात पेटी चालू ठेवून कोणी न वाजवता काही बोलते का ते पाहतो आणि इथे लिहितो.

जिनिंग_वणी

ताई, दुरुस्तीवाला आला होता. रिसेटची तार बोर्डापर्यंत आलेलीच नाही, काउंटरच्या पायाला एक कपॅसिटर आणि रेझिस्टर आहे फक्त. बोर्डातून एक तार ओढायची म्हणतो, पण प्रोग्राम बदलायला त्याच्याकडे सोर्स नाही. तोवर आम्ही मोटर सुरू असताना नंबर दोनदा वाचून मगच पावती छापतो आहोत.